चौघांची एक बोअर, सात तास लाईट आणि आठाची पाळी

प्रश्न: चिकोडी तालुक्यात आमच्या भावकीतल्या चौघांत मिळून एक बोअर आहे, ५ एचपीची मोटर. थोरल्या काकांचं रान ३ एकर, माझं २, चुलतभावाचं २ आणि धाकट्या काकांचं १ एकर, तेही वर माळाच्या अंगाला. बोअरचा खर्चही एकराप्रमाणेच घातलाय. थ्री फेज लाईट सात तास असते, एक आठवडा दिवसा ९ ते ४ आणि पुढचा आठवडा रात्री १० ते ५. सोम-मंगळ-बुध थोरले काका, गुरु-शुक्र मी, शनि-रवि चुलतभाऊ आणि धाकट्या काकांना रोजचा शेवटचा एक तास. हिशेबाने त्यांना आठवड्याला सात तास मिळतात, म्हणजे एकराला आमच्यापेक्षा तासभर जास्तच. तरी ते म्हणतात रान भिजत नाही, आणि दर आठवड्याला वाद होतो. पाळी कशी लावावी?

उत्तर:

तुमचे धाकटे काका खरं बोलतायत. तुम्ही वाटलेत ते तास, आणि बोअरचा प्रत्येक तास सारखा नसतो. त्यांच्या वाट्याला रोज सगळ्यात हलका तास आलाय, आणि त्यातलाही निम्मा पाईप भरण्यातच जातो.

हे तोंडी पटत नाही, म्हणून आधी मोजा. २०० लिटरचं बॅरल बोअरजवळ ठेवा, तिथेच पाईप सोडवून पाणी बॅरलमध्ये घ्या आणि किती सेकंदांत भरतं ते मोबाईलवर बघा. मोटर सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने एकदा, मग दर तासाला एकदा. सलग दोन-तीन दिवस हेच करा. तुमच्यासारख्याच एका ५ एचपीच्या बोअरवर आम्ही मोजलं, तेव्हा सुरुवातीला बॅरल ६५ सेकंदांत भरलं आणि सातव्या तासाला त्याच बॅरलला ११० सेकंद लागले. म्हणजे पहिल्या तासात ११ हजार लिटर आणि शेवटच्या तासात साडेसहा हजार. मधले तास दहा, नऊ, साडेआठ असे उतरत गेले. सात तासांचं मिळून ६० हजार लिटर झालं. तुमचे आकडे वेगळे येतील, पण उतार येणारच, कारण आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून येतं. बोअरच्या जवळच्या भेगा पहिल्या दोन-तीन तासांत रिकाम्या होतात आणि मग लांबून झिरपेल तेवढंच मिळतं. त्यात पाण्याची पातळी खाली गेली की मोटरला जास्त उंच उचलावं लागतं, म्हणून तीच मोटर कमी पाणी फेकते.

रात्रभर बोअरमध्ये पाणी साठतं, ते आधीचा घेऊन जातो, असं बरेच जण म्हणतात. साठ्याचा भाग त्यात फार थोडा असतो. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटाला साधारण साडेसहाच लिटर पाणी मावतं. पातळी दीडशे फूट खाली गेली तरी ते हजार लिटर, म्हणजे जेमतेम पाच मिनिटांचं पाणी. खरा साठा भोवतालच्या भेगांत असतो आणि तो भरायला पंधरा-वीस तासांची विश्रांती लागते.

आता धाकट्या काकांचा एक तास जवळून बघू. त्यांचं रान बोअरपासून १,२०० फुटांवर आणि पाईप ९० मिलिमीटरचा धरला, तर त्या पाईपमध्ये दोन हजार लिटर पाणी बसतं. रान चढाला असल्यामुळे मोटर बंद झाली की ते सगळं मागे उतरतं आणि खालच्या चाव्यांतून, सांध्यांतून निघून जातं. दुसऱ्या दिवशी पाईप पुन्हा रिकामा. शेवटच्या तासाच्या धारेने तो भरायला १८ मिनिटं लागतात. मग पाणी कोरड्या पाटात पडतं आणि सरीच्या तोंडापर्यंत पोचायला आणखी दहा मिनिटं. साठातली २८ मिनिटं अशी गेली. उरलेल्या ३२ मिनिटांत साडेतीन हजार लिटर पाणी, आणि आठवड्याचं मिळून २४-२५ हजार. तुम्हाला एकराला सहाच तास मिळतात, पण ते पहिले सहा. त्या सहा तासांचं पाणी होतं ५३ हजार लिटर. कागदावर काकांना तुमच्यापेक्षा एक तास जास्त आणि रानात तुमच्या निम्म्याहूनही कमी.

शिवाय लाईट कधी पूर्ण सात तास टिकते? अर्धा-पाऊण तास गेली की ती त्यांच्याच तासातून जाते, कारण शेवटी तेच उभे असतात.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की लाईटची एक पाळी मधे तोडू नका. सात तासांची पाळी म्हणजे एक नग. ती ज्याची त्याची पूर्ण. पहिला भरलेला तास त्याचा आणि शेवटचा दमलेला तासही त्याचाच. मग कुणाचं पाणी वरचं आणि कुणाचं तळचं हा प्रश्न राहत नाही, आणि पाईप भरण्याचा तोटा पाळीत एकदाच होतो.

आता अडचण एवढीच की आठवड्यात पाळ्या सात आणि तुमचे एकर आठ. वार पक्के धरून बसलात तर हे कधीच जुळणार नाही. एकजण कुठेतरी तुकड्यावर ठेवावाच लागेल, आणि तो नेहमी लहान रानाचा असतो. तेव्हा वार सोडा आणि आठाची पाळी धरा. एका एकराला एक पाळी. पहिली धाकट्या काकांची, पुढच्या तीन थोरल्या काकांच्या, दोन तुमच्या, दोन चुलतभावाच्या. आठ दिवसांत एक फेरा पुरा, की पुन्हा पहिल्यापासून.

पाण्याचा हिशेब बघा. धाकट्या काकांना आठ दिवसांनी एक सबंध पाळी, ६० हजार लिटर. त्यातून पाईप आणि पाट भरायला एकदाच तीन-साडेतीन हजार वजा. आठवड्यावर आणलं तर त्यांना ४९-५० हजार लिटर मिळतं, आजच्या दुप्पट. तुमचं किती कमी होतं? एकराला आठवड्याला ५३,५०० चं ५२,५०० होतं. हजार लिटर, म्हणजे पाच बॅरलं. त्यांना मिळणाऱ्या जास्तीच्या पाण्यातलं बरंचसं रोज पाईपमध्ये आणि कोरड्या पाटात मुरत होतं तेच आहे. थोरल्या काकांसमोर हा हिशेब ठेवाल तेव्हा ही गोष्ट आधी सांगा, म्हणजे आपल्या वाट्याला कात्री लागतेय असं त्यांना वाटणार नाही.

दिवस-रात्रीचंही यात आपोआप बऱ्यापैकी जुळतं. धाकट्या काकांची पाळी एका सोमवारी दिवसा आली असं धरा. पुढची आठ दिवसांनी मंगळवारी, तेव्हा लाईट रात्रीची. मग बुधवार दिवसा, गुरुवार रात्री, शुक्रवार दिवसा, शनिवार रात्री, रविवार दिवसा. ५६ दिवसांत सात पाळ्या, चार दिवसाच्या आणि तीन रात्रीच्या. त्यांच्या मागच्या पाळीवाल्याला याच्या उलट, तीन दिवसा आणि चार रात्री. हा एकाचा फरक पुसायचा असेल तर ५६ दिवस झाले की पत्रक एका जागेने सरकवा, म्हणजे शेवटच्या जागेवरची पाळी पहिल्या जागेवर आणायची. मग पुढच्या ५६ दिवसांत उलटं होतं आणि ११२ दिवसांत प्रत्येक पाळीला सात दिवस, सात रात्री. बाजाराचा वारही कायम एकाच्याच वाट्याला येत नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या वेळापत्रकात दडलीये. दिवसाचा आठवडा रविवारी ४ वाजता संपतो आणि रात्रीचा सोमवारी १० वाजता सुरू होतो. बोअरला ३० तासांची विश्रांती मिळते, त्या सोमवारची धार बघण्यासारखी असते. उलट रात्रीचा आठवडा रविवारची रात्र ओलांडून सोमवारी पहाटे ५ ला संपतो आणि त्याच सोमवारी ९ ला दिवसाची लाईट येते. चारच तासांत बोअर पुन्हा चालू, भेगा भरलेल्या नसतात. तो सोमवार सगळ्यात लंगडा. आज हे दोन्ही सोमवार थोरल्या काकांकडेच जातात, एकदा फायदा, एकदा तोटा. आठाच्या फेऱ्यात सोमवार सगळ्यांकडे फिरतो. तरी पत्रकावर त्या लंगड्या सोमवारला खूण करून ठेवा. त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याने लांबचं किंवा चढाचं रान काढू नये, बोअरजवळचं भिजवावं.

वार सोडायला म्हातारी माणसं तयार होत नाहीत, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. ‘माझा गुरुवार’ हे डोक्यात बसलेलं असतं. त्यावर वाद घालू नका. चारही घरांतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या ५६ दिवसांच्या चौकटीत ज्याच्या त्याच्या नावाचं अक्षर एकाच बैठकीत, एकाच पेनाने लिहून द्या. दोन फेरे झाले की सवय होते.

लाईट गेली तर काय, हा पुढचा तंटा. मी सुरुवातीला आमच्या भावकीत अगदी काटेकोर नियम केला होता, मीटरवर सात तास भरले की पाळी संपली, तोवर नाही. कागदावर त्याच्याइतकं न्यायाचं काही नव्हतं. पण लाईट दोन तास गेली की पाळी दुसऱ्या दिवशी दोन तास सरकायची, आणि मग रात्री १२ वाजता एकाने चावी बंद करायची, दुसऱ्याने उघडायची. पुन्हा पाळीचे तुकडे, पुन्हा पाईप भरणं. एका रात्री माझा पुतण्या बॅटरी घेऊन बांधावर येऊन थांबला आणि आधीच्याचं अजून वीस मिनिटांचं पाणी बाकी होतं. त्या वीस मिनिटांवरून दोन घरं महिनाभर बोलत नव्हती. तेव्हापासून आम्ही निम्म्याचा नियम लावला. साडेतीन तास किंवा जास्त मोटर चालली तर पाळी झाली असं धरायचं. साडेतीनच्या आत राहिली तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी पूर्ण पाळी घेणार आणि बाकी सगळे एक दिवस पुढे जाणार. पाळी झाली पण तास कमी पडले, तर ती तूट फक्त वहीत लिहायची. लाईट कुणाच्या नावाने जात नाही, त्यामुळे हंगामभरात या तुटी बहुतेक सारख्या होतात. टीसी जळून आठ-दहा दिवस गेले, तर जिथे फेरा थांबला तिथूनच पुढे सुरू. कॅलेंडरवरची अक्षरं त्या दिवसापासून नव्याने लिहायची.

मोटर किती चालली हे आठवणीवर सोडू नका. दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला आपल्याकडे बिल नाही, त्यामुळे तास मोजायची सवयच राहिलेली नाही. स्टार्टरच्या पेटीत एक अवर मीटर बसवून घ्या. मोटर चालते तेवढेच तास तो मोजतो. तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर जोडायचा असतो आणि पुष्कळ पेट्यांत ती कॉइल ४१५ व्होल्टची असते. वायरमनला मीटर त्या व्होल्टेजचाच आणायला सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी उडेल. पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत एक वही ठेवा. पाळी घेताना मीटरचा आकडा, सोडताना मीटरचा आकडा आणि सही. एवढंच, बाकी काही लिहायला लावू नका, नाहीतर आठवड्यात वही बंद पडेल.

या वहीचा मोठा उपयोग वेगळाच आहे. एकाने सोडताना ८१२ लिहिलं आणि दुसऱ्याने घेताना ८१५ दिसलं, तर मधले तीन तास मोटर कुणीतरी चालवली. थ्री फेज नसताना कॅपॅसिटर लावून सिंगल फेजवर मोटर ओढणं आपल्या भागात सर्रास चालतं. त्याने मोटर तापून जळते हा एक भाग. त्याहून मोठं नुकसान पुढच्या पाळीवाल्याचं. बोअरची विश्रांती मोडते आणि त्याचे पहिले, भरलेले तासच कुणीतरी आधी काढून घेतलेले असतात. त्याला फक्त ‘आज पाणी कमी आलं’ एवढंच कळतं. असे चोरून चालवलेले तास चालवणाऱ्याच्या पुढच्या पाळीतून वजा करायचे, हे आधीच ठरवून ठेवा. मोटर रिवाइंड करायची वेळ आली तर खर्च ३-२-२-१ असाच पडावा. ज्याच्या पाळीत जळली त्याने भरावा ही पद्धत मला मान्य नाही, कारण मोटर बहुतेक वेळा महिनाभर आधीपासून बिघडत आलेली असते. मात्र सिंगल फेजवर चालवून जळाली तर चालवणाऱ्यानेच द्यावा.

आठाच्या फेऱ्यात खरी अडचण एकाच ठिकाणी येते. धाकट्या काकांच्या माळाच्या हलक्या जमिनीत मिरची किंवा वांगी असेल, तर एप्रिलमध्ये आठ दिवसांचा खंड त्या पिकाला सोसत नाही. यासाठी आपसांत अदलाबदल ठेवा. थोरल्या काकांच्या तीन सलग पाळ्यांतल्या मधल्या पाळीतले साडेतीन तास धाकट्यांनी घ्यायचे आणि आपल्या पाळीतले साडेतीन त्यांना द्यायचे. पण पहिल्या साडेतीनच्या बदल्यात पहिलेच साडेतीन द्यायचे. वरच्या मोजणीत पहिल्या साडेतीन तासांत ३४ हजार लिटर येतं आणि मागच्या साडेतीनांत २६ हजारही नाही. तासाला तास म्हणून बदललं की आठ हजार लिटरचा घोळ आणि नवा वाद. ऐपत असेल तर माळावर प्लॅस्टिकचा कागद टाकून लहानसं शेततळं केलेलं बरं, पाळीचं साठ हजार लिटर मावेल एवढं. सबंध पाळी त्यात उतरवता येते आणि तिसऱ्या दिवशी लागेल तेवढं घेता येतं. पाईप भरण्याचा तोटाही तेवढा एकदाच.

कॅनॉलच्या चारीवर ज्यांचं रान आहे त्यांनाही हेच लागू पडतं. पंजाब-हरियाणाच्या वारबंदीत आठवड्याचे १६८ तास एकरांवर वाटतात. पण चारीचा कोरडा तुकडा भरायला जो वेळ जातो तो त्या शेतकऱ्याच्या वेळेत वेगळा मिळवतात, आणि चारी बंद झाल्यावर तिच्यात उरलेलं पाणी ज्याच्या रानात उतरतं त्याच्या वेळेतून तेवढं कमी करतात. दरवर्षी पाळी १२ तासांनी पुढे नेतात, म्हणजे रात्रीचं पाणी जन्मभर एकाच्याच माथी बसत नाही. घटप्रभेच्या कॅनॉलवर टेलच्या माणसाला वरच्यांइतकेच तास दिले आणि भराईचे मिनिट धरले नाहीत, तर त्याची गत तुमच्या धाकट्या काकांसारखीच होते.

आता जे ऐकायला आवडणार नाही ते. पाळी नीट लावली म्हणून पाणी वाढत नाही. ६० हजार लिटरची पाळी म्हणजे सरीने ऊस भिजवायला गेलात तर आठ-नऊ गुंठ्यांचं पाणी, कारण सरीने एकरभर एकदा भिजवायला अडीच-तीन लाख लिटर जातं. ठिबकवरही भर उन्हाळ्यात उसाला एकरी दिवसाला वीसेक हजार लिटर लागतं. म्हणजे या बोअरवर ठिबक करूनही एकरामागे १४ गुंठे ऊसच उन्हाळा काढेल. बाकी रानात शाळू, हरभरा असं कमी पाण्यावर निघणारं पीक घ्या. चौघांपैकी एकाने जरी सगळ्या रानात ऊस घातला, तरी मार्चपासून तो दुसऱ्याच्या पाळीकडे बघायला लागतो. मग कितीही चांगलं पत्रक असो, ते टिकत नाही. म्हणून पत्रक करायच्या बैठकीतच उसाचे गुंठे ठरवा, थोरल्या काकांचे ४२, तुमचे २८, चुलतभावाचे २८, धाकट्या काकांचे १४, आणि तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लागणीच्या आधी हे झालं पाहिजे. एकदा कांडी मातीत गेल्यावर कुणी मागे येत नाही.

बॅरलची मोजणी मार्चच्या सुरुवातीला पुन्हा करा. तेव्हा बोअर चौथ्या-पाचव्या तासाला दम टाकायला लागते. धार तुटक होते, पाण्याबरोबर हवा येते, पाईप थरथरतो. तशीच चालू ठेवली तर मोटर कोरडी पडून जळते. त्या वेळी बोअरजवळची चावी थोडी आवळून धार बारीक करा, हवा यायची थांबेपर्यंत. किंवा तासभर मोटर बंद ठेवून पुन्हा चालू करा. हा बंद ठेवलेला तास ज्याची पाळी त्याचाच. तो निम्म्याच्या नियमात लाईट गेल्यासारखा धरायचा नाही, नाहीतर उन्हाळ्यात प्रत्येकजण दुसऱ्या दिवसाची पाळी मागत बसेल. हे वाक्य वहीत शब्दशः लिहून त्याखाली चौघांच्या सह्या घ्या.